क्यूपीसीआर: एफिशियन्सी ७९ टक्के आणि मेल्ट कर्व्हमध्ये दुसरं शिखर. प्रायमर डायमरच का?

सायली_प

गेले तीन आठवडे एकाच जनुकावर अडकले आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सायबर ग्रीन वापरून एका जनुकाचं एक्स्प्रेशन मोजायचं आहे. सीडीएनए १ मायक्रोग्रॅम आरएनएपासून बनवला. रिअ‍ॅक्शन १० मायक्रोलीटरची, प्रत्येक प्रायमर ३०० नॅनोमोलर. सुरुवातीला ९५ अंशांवर २ मिनिटं, मग ९५ ला ५ सेकंद आणि ६० ला ३० सेकंद अशी ४० सायकल. शेवटी ६५ ते ९५ अंश मेल्ट. अपेक्षित उत्पादन १४८ बेसपेअरचं.

दहापटीच्या डायल्युशनचा स्टँडर्ड कर्व्ह लावला. प्रत्येक बिंदूला तीन वेल होत्या, त्यांची सरासरी अशी:

```
डायल्युशन    Ct
1            19.8
1:10         23.6
1:100        27.6
1:1000       31.6
1:10000      35.5

slope = -3.94
E = 10^(-1/slope) - 1 = 0.79
```

तिन्ही वेल एकमेकींना धरून आहेत, रेषाही सरळ येते. पण एफिशियन्सी ७९ टक्के. शिवाय मेल्टमध्ये दोन शिखरं दिसतात, मोठं ८८ अंशांना आणि लहान ८२.५ ला. सगळ्यांनी एका सुरात "प्रायमर डायमर" सांगितलं. म्हणून प्रायमर ३०० वरून १५० नॅनोमोलरवर आणले. काहीच फरक पडला नाही, उलट सीटी अर्ध्या सायकलने उशिरा आला.

नवीन प्रायमर मागवण्याआधी समजून घ्यायचं आहे की नेमकं बिघडलंय काय. नाही तर पुढच्या जोडीतही हेच व्हायचं.

---

अभिराम

दोन शिखरं आणि कमी एफिशियन्सी म्हणजे डायमरच. खालच्या तापमानाचं शिखर डायमरचं असतं, कारण तो तुकडा आखूड असतो आणि लवकर वितळतो. प्रायमर एकमेकांना चिकटण्यात खर्ची पडतात, मग खऱ्या टेम्प्लेटला उरत नाहीत, म्हणून एफिशियन्सी पडते. अ‍ॅनीलिंग ६० वरून ६३ करून बघ. आमच्याकडे चारपैकी तीन वेळा एवढ्यानेच काम झालंय.

---

मातीचा_माणूस

अगदी हेच आमच्याकडे झालं होतं. मातीतून काढलेला डीएनए, स्लोप -२.९ आला. ह्युमिक आम्ल टेम्प्लेटबरोबर येतं आणि एन्झाइमला अडवतं. नमुना दहापट पातळ केला आणि सगळं रुळावर आलं. तुमच्या आरएनएत फिनॉल किंवा ग्वानिडीनचे मीठ उरलं असणार. पहिला बिंदू सोडून द्या आणि उरलेल्या चारांवर रेषा काढा.

---

विश्वास_द

सायली, आकडे दिलेस हे फार बरं केलंस. त्यातूनच बरंच कळतं, जरा सावकाश बघू.

लागोपाठच्या सीटींमधलं अंतर काढ: ३.८, ४.०, ४.०, ३.९. दर सायकलला उत्पादन पूर्ण दुप्पट होत असेल तर दहापट डायल्युशनला ३.३२ सायकल लागतात. तुझी चारही अंतरं त्याहून मोठी आहेत आणि चारही जवळजवळ सारखी आहेत. सगळी गोम या "सारखी" मध्ये आहे.

मातीचा_माणूस, तुमची केस खरी आहे, पण दोष उलट्या दिशेचा आहे. इनहिबिटर सर्वांत दाट नमुन्यात सर्वांत जास्त त्रास देतो, म्हणून तिथला सीटी उशिरा येतो आणि पहिलं अंतर आखडतं. रेषा आडवी होते, स्लोप -२.९ सारखा येतो आणि एफिशियन्सी कागदावर १२० टक्क्यांच्या वर दिसते. सायलीचं पहिलं अंतर ३.८ आहे, आखडलेलं नाही. त्यामुळे पहिला बिंदू काढून टाकला तरी स्लोप तिथेच राहणार.

अभिराम, डायमरचंही असंच आहे. सायबर ग्रीन कुठल्याही दुहेरी डीएनएला धरतो, डायमरलासुद्धा. डायमरला वाव मिळतो तो टेम्प्लेट कमी असलेल्या पातळ वेलमध्ये. तिथे त्याचा उजेड मोजला जातो, सीटी खोटा लवकर येतो आणि शेवटचं अंतर आखडतं. म्हणजे डायमर बहुतेक वेळा एफिशियन्सी फुगवून दाखवतो. सायलीचं शेवटचं अंतर ३.९ आहे.

आता सायलीला तीन गोष्टी विचारतो. एनटीसीमध्ये काय आलं? ८२.५ चं शिखर सर्वांत दाट वेलमध्येही आहे का? आणि मोठ्या शिखराच्या तुलनेत त्याची उंची डायल्युशनप्रमाणे बदलते का?

---

सायली_प

विश्वासकाका, मनापासून आभार. अंतरं काढून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं, मी थेट स्लोपवर नजर टाकत होते.

एनटीसीच्या तीन वेलपैकी दोन कोऱ्या आहेत. तिसरीत ३७.८ ला काहीतरी आलं, पण त्याचं शिखर ७४.५ अंशांना आहे.

८२.५ चं शिखर सगळ्या वेलमध्ये आहे, सर्वांत दाट वेलमध्येही. पाचही डायल्युशनचे मेल्ट एकावर एक ठेवून पाहिले. लहान शिखर मोठ्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचं आहे आणि पाचांतही तेवढंच. फक्त १:१०००० च्या एका वेलमध्ये ७४ च्या आसपास बारीक उंचवटा आहे.

---

विश्वास_द

मग डायमर तुझ्याकडे आहे, पण तो ७४.५ चा. एनटीसीत आणि अगदी पातळ वेलमध्ये तो चाहूल देतो, तिथेच त्याने दिसायला हवं. ८२.५ ची गोष्ट वेगळी आहे.

दुसरं शिखर म्हणजे वेगळं, चुकीचं उत्पादन असतं तर ते खऱ्या उत्पादनाशी स्पर्धा करतं आणि टेम्प्लेट हजारपट कमी झाल्यावर दोघांचं प्रमाण ढळतं. तुझ्याकडे दहा हजारपटीत प्रमाण हललेलं नाही. दोन शिखरं इतकी जोडीने चालत असतील तर दोन्ही एकाच तुकड्याची असण्याचा संशय घ्यायला जागा आहे.

दोरीचा पीळ एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला घट्ट असेल तर उलगडताना आधी सैल बाजू सुटते, घट्ट बाजू नंतर. १४८ बेसच्या तुकड्यात एका बाजूला एटी जास्त आणि दुसऱ्या बाजूला जीसी दाटून असेल तर तो असाच दोन टप्प्यांत वितळतो. तुकडा एक, शिखरं दोन.

तुझा सिक्वेन्स uMELT मध्ये टाकून बघ. त्यातले अंश तुझ्या मशीनशी जुळतीलच असं नाही, मास्टर मिक्समधल्या मिठाप्रमाणे ते सरकतात. आकार बघ, एक शिखर दाखवतंय की दोन. आणि जेल चालव, २ ते ३ टक्क्यांचं, दाट वेल आणि ती एनटीसीची वेल शेजारीशेजारी.

---

मृण्मयी

अगं सायली, त्याआधी एक साधी शंका. चारही अंतरं सारखीच मोठी आहेत, याचा आणखी एक अर्थ निघतो. तुझी पिपेट दर वेळी थोडं कमी उचलत असेल, किंवा पातळ डीएनए ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटून जात असेल, तर प्रत्येक पायरी दहापटीची न होता बारा-पंधरापटीची होते. रेषा सरळच येते, तीन वेलही जुळतात, कारण चूक वेल भरताना झालेली नसते, डायल्युशन करताना झालेली असते.

मी एक अख्खा महिना प्रायमरना दोष देत होते. डायल्युशन २ मायक्रोलीटर अधिक १८ अशी करायचे, टिप नीट धुवून घ्यायचे नाही आणि मिसळायला फक्त बोटाने टिचकी मारायचे. १० अधिक ९० वर आले, प्रत्येक पायरीला नवी टिप, व्हॉर्टेक्स आणि थोडं स्पिन. स्लोप -३.८ वरून -३.४ वर आला, प्रायमर तेच.

---

विश्वास_द

मृण्मयीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला, तो आधी तपासायला हवा. उपाय सोपा आहे: याच डायल्युशनच्या ट्यूब घे, नव्या करू नकोस, आणि तुझ्या संदर्भ जनुकाची प्रायमरजोडी त्याच प्लेटवर लाव. डायल्युशन चुकली असतील तर दोन्ही जनुकांचे स्लोप सारखेच बिघडतील. एकच बिघडला तर दोष त्या जोडीचा.

---

सायली_प

चार दिवसांनी येतेय, पण बरंच करून आले.

त्याच ट्यूबमधून संदर्भ जनुक लावलं: स्लोप -३.३८, म्हणजे ९८ टक्के. माझ्या जनुकाचा त्याच प्लेटवर -३.९२. तेव्हा डायल्युशन ठीक आहेत. (मृण्मयीताई, मीही २ अधिक १८ च करत होते. आता १० अधिक ९० करणार.)

जेलवर दाट वेलमध्ये १५० च्या रेषेला एकच स्वच्छ बँड. एनटीसीच्या वेलमध्ये ५० च्या खाली पुसट डाग, तो डायमर.

uMELT ने दोन शिखरं दाखवली! अंशांत दीड-दोनचा फरक आहे, पण आकार हुबेहूब माझ्या मेल्टसारखा, डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठं. सिक्वेन्स बघितला तर रिव्हर्स प्रायमरच्या बाजूच्या शेवटच्या ६० बेसमध्ये जीसी ७८ टक्के आहे, बाकीच्या भागात ४६.

---

ऋता

थोडं थांबा. जेलवर एक बँड म्हणजे एकाच लांबीचं उत्पादन, एकच उत्पादन नव्हे. या जनुकाचा जुळा नातेवाईक जनुक किंवा स्यूडोजीन असेल तर १४८ बेसचाच, पण आठ-दहा बेसने वेगळा तुकडा तयार होऊ शकतो. दोघांचं मूळ प्रमाण नमुन्यात ठरलेलं असेल तर डायल्युशनने ते बदलणारही नाही. त्यामुळे "प्रमाण ढळत नाही" यावर इतकी भिस्त ठेवू नका. जेलमधून बँड कापून सँगर सिक्वेन्सिंगला द्या, दोन्ही दिशांनी. एवढ्या आखूड तुकड्यात प्रायमरजवळचे तीस-चाळीस बेस वाचले जात नाहीत, म्हणून एका दिशेने भागणार नाही.

---

अभिराम

मला अजून पटत नाही. uMELT फक्त अंदाज करतं. आणि तुकडा एकच असेल तर एफिशियन्सी का पडावी? दोन टप्प्यांत वितळणं हा मेल्टचा प्रश्न झाला, अ‍ॅम्प्लिफिकेशनचा नाही.

---

विश्वास_द

ऋताचं म्हणणं रास्त आहे, सिक्वेन्सिंग करच.

अभिराम, प्रश्न नेमका विचारलास. दोन टप्प्यांत वितळल्यामुळे एफिशियन्सी पडत नाही. दोन्हींचं मूळ एक असू शकतं, ते म्हणजे तो ६० बेसचा जीसी दाट पट्टा. ९५ अंशांवर धागे सुटे होतात. तापमान ६० कडे उतरत असताना जीसीने भरलेला एकेरी धागा स्वतःवरच दुमडतो, केसाच्या आकड्यासारखा. रिव्हर्स प्रायमरला बसायची जागा नेमकी त्या दुमडीत आहे. काही धाग्यांवर प्रायमर आधी पोचतो, काहींवर दुमड आधी पडते, आणि ज्यावर दुमड आधी पडते त्या धाग्याची त्या सायकलमध्ये नक्कल होत नाही. ७९ टक्क्यांचा अर्थच असा की १०० तुकड्यांचे पुढच्या सायकलला २०० न होता १७९ झाले. हे प्रत्येक सायकलला, प्रत्येक डायल्युशनला सारखंच घडतं, म्हणूनच तुझी चारही अंतरं सारखी ताणलेली आहेत.

पडताळून बघायचं असेल तर ५ टक्के डीएमएसओ घालून तोच स्टँडर्ड कर्व्ह लाव. डीएमएसओ दुमडी सैल करतो. दर टक्क्याला वितळण्याचं तापमान साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने उतरतं, म्हणून अ‍ॅनीलिंगही ६० वरून ५८ वर आण. १० टक्क्यांपर्यंत जाऊ नकोस, तिथे पॉलिमरेज स्वतःच मंदावतं. आणि ९५ चे ५ सेकंद १५ कर. माझं म्हणणं बरोबर असेल तर स्लोप सुधारेल. अभिरामचं बरोबर असेल तर अ‍ॅनीलिंग खाली आणल्याने डायमर वाढेल आणि चित्र आणखी बिघडेल.

---

सायली_प

निकाल आले. डीएमएसओ आणि १५ सेकंद, दोन्ही एकदम: स्लोप -३.७०, एफिशियन्सी ८६ टक्के. दोन्ही शिखरं तीनेक अंशांनी खाली सरकली, पण दोन्ही आहेतच. यातला किती फायदा डीएमएसओचा आणि किती वाढवलेल्या सेकंदांचा, ते मला वेगळं करता आलेलं नाही, मास्टर मिक्स संपत आला होता.

सिक्वेन्सिंग दोन्ही दिशांनी स्वच्छ आलं. एकही दुहेरी शिखर नाही, पूर्ण तुकडा माझ्याच जनुकाचा. ऋता, त्या कापलेल्या बँडचा थोडा डीएनए सायबर ग्रीनबरोबर नुसताच मेल्टला लावून पाहिला. दोन्ही शिखरं परत आली, त्याच प्रमाणात. ते बघताना फार बरं वाटलं.

---

अभिराम

मानलं. खालचं शिखर म्हणजे डायमर हा हिशेब मी कधी तपासूनच पाहिला नव्हता. ८२.५ हे डायमरसाठी तसंही फार वरचं आहे, तुझा खरा डायमर ७४.५ ला होता. माझ्या जुन्या दोन प्लेट पुन्हा काढून बघतो. एका जनुकात मी अ‍ॅनीलिंग वाढवून "सुधारलं" होतं, तिथेही दुसरं शिखर शेवटपर्यंत गेलं नव्हतं.

---

मातीचा_माणूस

मी प्रश्न नीट न वाचता उत्तर दिलं, -३.९४ आणि -२.९ मध्ये गल्लत केली. पण एक विचारतो: एवढं कळल्यावर ८६ टक्क्यांवर थांबायचं की प्रायमर बदलायचे? आमच्याकडे ९० ते ११० च्या बाहेरची जोडी कुणी स्वीकारत नाही.

---

विश्वास_द

मी बदलेन. डीएमएसओ हे निदान म्हणून ठीक, रोजच्या मोजणीसाठी नको. एखाद्या प्लेटला तो अर्धा टक्का कमी-जास्त पडला की एफिशियन्सी हलते.

फॉरवर्ड प्रायमर आहे तोच ठेव, त्याची जागा चांगली आहे. रिव्हर्स त्या जीसी पट्ट्याच्या आधीच बसव. तुकडा नव्वदच्या आत येईल, ते उत्तमच. मागवण्याआधी नवा तुकडा uMELT मध्ये एक शिखर देतो का ते बघ. फक्त जुना रिव्हर्स प्रायमर एक्झॉनच्या जोडावर बसवलेला होता का? तसं असेल तर नवी जोडी जीनोमिक डीएनएही वाढवेल.

---

सायली_प

नवी जोडी आली. तुकडा ८६ बेसपेअरचा, स्लोप -३.४१, एफिशियन्सी ९६ टक्के. मेल्टमध्ये ८३ ला एकच शिखर, तिन्ही एनटीसी कोऱ्या.

पण काकांनी विचारलं तेच झालंय. जुना रिव्हर्स एक्झॉनच्या जोडावर होता, नवी जोडी पूर्णपणे एकाच एक्झॉनमध्ये आहे. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेल्या वेलमध्ये ३३ ला सिग्नल येतो, शिखर तेच ८३. मेल्ट इथे काहीच मदत करत नाही, कारण जीनोमिक डीएनएमधून येणारा तुकडा अगदी तोच आहे.

जिथे जनुक भरपूर व्यक्त होतं तिथे सीटी २२ आहे. ११ सायकलचं अंतर म्हणजे दोन हजारात एक भाग, ते मी सोडून देईन. पण उपचार केलेल्या काही नमुन्यांत सीटी २९ आहे. चार सायकल म्हणजे सोळात एक, सहा टक्के. माझा निष्कर्ष नेमका याच नमुन्यांवर उभा आहे.

---

ऋता

आरएनए उरलाय का? डीएनेज लावून त्या नमुन्यांचा सीडीएनए पुन्हा कर. सहा टक्के आज आहेत, दुसऱ्या आरएनएत वीस असतील. सरसकट वजा करू नकोस, प्रत्येक नमुन्याचा रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना सीटी वेगळा काढ.

---

सायली_प

बारांपैकी नऊ नमुन्यांचा आरएनए आहे, त्यांना डीएनेज लावते. उरलेल्या तिघांचा फक्त सीडीएनए आहे, आणि ते तिघे जुन्या जोडीने आधीच मोजले गेलेत. प्फाफ्लच्या पद्धतीने एफिशियन्सी धरून ते दुरुस्त करता येतील का? तीन सायकलचा फरक दुप्पट धरला तर आठपट होतो, १.७९ धरला तर पावणेसहापटच. एवढा फरक पडतो म्हणून भीती वाटते.

---

विश्वास_द

गणित बरोबर आहे. पण ती दुरुस्ती असं गृहीत धरते की ७९ टक्के ही एफिशियन्सी प्रत्येक नमुन्यात तीच होती. दुमडीमुळे पडलेली एफिशियन्सी मिठाच्या थोड्या फरकाने हलू शकते, आणि तुझा स्टँडर्ड कर्व्ह एकाच सीडीएनएवर काढलेला आहे. मी ते तिघे नवीन जोडीच्या आकड्यांत मिसळणार नाही.

---

मृण्मयी

मी इथे काकांशी पूर्ण सहमत नाही. आरएनए असलेले नऊ नमुने दोन्ही जोड्यांनी मोज. जुन्या जोडीचे दुरुस्त केलेले आकडे डीएनेज लावलेल्या नव्या आकड्यांशी नऊच्या नऊ जुळले, तर तिघांना टाकून देणं मला जड जाईल. नाही जुळले तर प्रश्नच मिटला.

---

सायली_प

जुना मास्टर मिक्स एका प्लेटपुरता उरलाय. सोमवारी नऊही नमुने दोन्ही जोड्यांनी त्याच प्लेटवर लावते आणि आकडे इथेच टाकते.